आधी अंधार, मग झाडं

डबल एक्स्पोजर करायला बसलेला नवा माणूस हमखास एकच गोष्ट करतो. खाली माणसाचा फोटो ठेवतो, वर जंगलाचा, आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी पन्नास टक्के करतो. समोर जे येतं ते पाणी सुटलेल्या काचेतून पाहिल्यासारखं असतं. चेहऱ्यावर झाडं, झाडांवर चेहरा आणि दोन्हींवर राखाडी पापुद्रा. मग तो चाळीस करून पाहतो, साठ करून पाहतो, पुन्हा पन्नासवर येतो आणि आपले फोटोच धड नाहीत असं म्हणून सोडून देतो.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. २०१४ साली ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या मालिकेची शीर्षकं लोकांनी पाहिली. त्यात माणसांच्या आकृत्यांमध्ये कारखाने, रस्ते आणि ओसाड माळ भरलेले होते. त्यानंतर ‘तसलं काहीतरी करा’ ही मागणी माझ्याकडेही येऊ लागली. पहिली दोन-तीन मुखपृष्ठं मी वर सांगितलेल्या पन्नास टक्क्यांनीच बिघडवली. का बिघडली, हे कळायला थोडा आकडेमोडीचा आधार घ्यावा लागला. आकडे सोपे आहेत, आणि ते एकदा डोक्यात बसले की पुढचं काम हाताला आपोआप सुचतं.

संगणकात प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० ते २५५ असा मोजतात. ० म्हणजे मिट्ट काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. समजा, फोटोतल्या मुलीचे केस ३० आहेत आणि तिच्या मागचं आभाळ २५०. जंगलाच्या फोटोतलं झाडाचं खोड ४० आणि खोडांमधलं धुकं २४०. ओपॅसिटी पन्नास टक्के केली की संगणक निव्वळ सरासरी काढतो. केसांवर धुकं आलं तिथे १३५, आणि आभाळावर खोड आलं तिथे १४५. डोक्याच्या आत १३५ आणि बाहेर १४५, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ सारखाच राखाडी. डोक्याचा आकार दिसणार कसा? हा सरासरीचाच दोष आहे. टक्केवारी कितीही बदलली तरी जंगल डोक्याच्या आतही दिसणार आणि बाहेरही.

फिल्मच्या कॅमेऱ्यात सरासरी निघत नसे. एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश पडे आणि त्याची बेरीज होई. पहिल्या वेळी जिथे भरपूर उजेड पडला, तिथली फिल्म आधीच ‘भरलेली’ असे आणि दुसऱ्या चित्राला तिथे जागा उरत नसे. पहिल्या वेळी जिथे अंधार होता, तिथली फिल्म जवळजवळ कोरीच राही आणि दुसरं चित्र तिथे उमटे. म्हणून उजळ आभाळापुढे उभ्या असलेल्या काळ्या आकृतीत झाडं भरली जात आणि आभाळ कोरं राही. त्यासाठी कात्री लागत नसे आणि मास्कही लागत नसे. अंधार हाच मास्क होता.

फोटोशॉपमधला स्क्रीन हा ब्लेंड मोड जवळपास हेच करतो. त्याचा हिशेब असा:

२५५ − (२५५ − खालचा) × (२५५ − वरचा) ÷ २५५

वरचेच आकडे यात घालून पाहू. केस ३० आणि खोड ४० असेल तर उत्तर येतं ६५. केस ३० आणि धुकं २४० असेल तर २४२. म्हणजे केसांच्या जागी खोड आणि धुकं यांत तब्बल १७७ चा फरक राहिला आणि जंगल ठसठशीत दिसलं. आता आभाळ पाहा. २५० वर खोड आलं तर २५१, धुकं आलं तर २५५. फरक फक्त चारचा, डोळ्याला तो दिसतच नाही. एकही रेघ न कापता जंगल डोक्याच्या आत राहिलं.

हाच हिशेब गालाशी लावला की खरी मेख कळते. गाल १८० इतका उजळ असेल तर खोडाचं उत्तर १९२ आणि धुक्याचं २५१. फरक ५९, म्हणजे जंगल दिसेल पण फिकट. तोच गाल फोटो काढतानाच सावलीत ठेवून ११० वर आणला, तर उत्तरं येतात १३३ आणि २४६. फरक ११३ झाला, जवळजवळ दुप्पट. जंगल चेहऱ्यावर किती चढवायचं हे जंगलाच्या लेयरवर ठरत नाही. ते खालच्या फोटोच्या काळोखावर ठरतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यामुळे खालच्या फोटोवर जातो, आणि जंगल आणायला मी घाई करत नाही.

खालचा फोटो

एक प्रत्यक्ष काम घेऊन सांगतो. एका कवितासंग्रहासाठी माझ्या भाचीची आकृती वापरायची होती. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी तिला बाल्कनीच्या सरकत्या दाराशी, बाहेरच्या आभाळाला समांतर उभं केलं. ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा पांढरा पडदा. माझ्याकडे तिची एक बाजू होती आणि उजेड तिच्या पलीकडून येत होता. त्यामुळे कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत राहिला, आणि कपाळ, नाक, ओठ, हनुवटी या रेषेवर उजेडाची बारीक कड आली.

केस मोकळे नकोत, असं मी तिला आधीच सांगितलं होतं. मोकळ्या केसांत मान झाकली जाते आणि डोकं-खांदे मिळून एक गोळा होतो. अंबाडा घातला की डोक्याला मागे आकार येतो, मान दिसते, आणि अंबाड्यातून निसटलेल्या चार बटांचा पुढे उपयोगही होतो. हनुवटी किंचित वर ठेवायला सांगितली, म्हणजे गळ्याची रेषा सुटी होते. चष्मा काढून ठेवला, कारण बाजूने पाहताना चष्म्याची फ्रेम नाकाची रेषा तोडते. असा फोटो मनातल्या मनात काळ्या कागदातून कातरून पाहावा. त्या कातरलेल्या कागदावरून माणूस ओळखू आला, तर तो फोटो चालतो.

फोन वापरत असाल तर एक अडचण हमखास येते. आजकालचे फोन एचडीआर लावून सावली आपणहून उजळ करतात. एरवी ती सोय आहे, इथे ती सगळं बिघडवते, कारण आपल्याला हवा असलेला काळोखच ती पुसून टाकते. ते सेटिंग बंद करता येत असेल तर करा. मग चेहऱ्यावर बोट न टेकवता आभाळावर टेकवा. आभाळ करडं होईल आणि माणूस काळा होईल. आता उजेडाची खूण हळूहळू वर सरकवत, आभाळ जेमतेम पांढरं व्हायला आलं की थांबा. आणखी पुढे गेलात तर उजेड केसांच्या कडा खाऊ लागतो, आणि ते केस नंतर कुठल्याच हत्याराने परत येत नाहीत.

संगणकावर आल्यावर आधी रंग काढून टाकायचा. फोटोशॉपमध्ये Black & White हा ॲडजस्टमेंट लेयर टाकला की प्रत्येक रंगासाठी वेगळी पट्टी येते. माणसाच्या त्वचेत, ती कुठल्याही वर्णाची असो, लाल आणि पिवळा रंग असतोच. Reds ची पट्टी मूळच्या ४० वरून वीस-पंचवीसवर आणली की चेहरा काळवंडतो आणि बाकीचं फारसं हलत नाही. भाचीचा गाल सावलीत असूनही १४० दाखवत होता, तो असा ११० च्या आसपास आला. सावळ्या माणसाच्या फोटोत बहुधा याची गरजच पडत नाही.

त्यानंतर Levels घ्या. उजवीकडची पांढरी खूण आत सरकवत आभाळ २५० पर्यंत आणा. डोळ्यांवर विसंबू नका. Info पॅनेल उघडून आभाळाच्या चारही कोपऱ्यांवर कर्सर फिरवा. एका कोपऱ्यात २५०, दुसऱ्यात २२५ असं बऱ्याचदा निघतं, आणि त्या २२५ च्या कोपऱ्यात पुढे झाडाचं भूत उभं राहतं. तेवढा भाग वर नवा लेयर घेऊन पांढऱ्या मऊ ब्रशने रंगवून टाका.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती मलाही फार उशिरा कळली. आभाळ असं खरोखर पांढरं झालं असेल तर माणूस कापून काढायची गरजच नाही. बहुतेक शिकवण्या माणूस पार्श्वभूमीतून सोडवण्यापासून सुरू होतात आणि शिकणारा केसाकेसाला कुरतडत तासभर घालवतो. शेवटी केसांभोवती पांढरी झालर उरते ती उरतेच. आपल्या पद्धतीत मूळ फोटो तसाच राहतो, निसटलेल्या बटाही जशाच्या तशा राहतात. मागे पांढऱ्याऐवजी दुसरी छटा हवी असेल तर ती शेवटी दोन्ही फोटोंच्या वर, मल्टिप्लाय मोडमधल्या रंगाच्या लेयरने द्यायची. मागे कपाट, खिडकीचे गज, भिंतीवरचं कॅलेंडर असलं काही असेल, तरच कापाकापीला पर्याय नाही.

कसलं जंगल?

जंगलाचा फोटो निवडताना लोक सुंदर फोटो निवडतात, आणि तिथेच फसतात. हिरवंगार, पानांनी गच्च भरलेलं रान डोळ्याला छान दिसतं. पण त्यातले बहुतेक ठिपके ६० ते ९० च्या दरम्यान असतात. ३० च्या केसांवर ते स्क्रीनने टाकले की उत्तर ८३ ते १०९ येतं. सगळं एकाच पट्ट्यात, म्हणजे डोक्यावर मळकं कापड गुंडाळल्यासारखं. झाड झाड म्हणून ओळखू यायचं तर त्याच्यामागे उजेड हवा.

म्हणून मला जुलैतली आंबोली आवडते. धुकं इतकं दाट असतं की पहिली चार-पाच झाडं काळी, मागची करडी आणि त्यामागे नुसता पांढरा पडदा. उन्हाळ्यात विदर्भातला पानगळ झालेला सागही फार कामाचा. त्याच्या उघड्या फांद्या आभाळावर रेखाटल्यासारख्या दिसतात. तुमच्या फोटोतलं जंगल धड आहे की नाही, हे ठरवायची सोपी कसोटी अशी की तो कृष्णधवल करा आणि अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. फांद्या मोजता आल्या तर घ्या.

फोटोचा आकारही पाहा. ए-फोर मापाच्या छपाईसाठी तीनशे पीपीआयला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चेहरा बारकाव्यांनिशी आणि जंगल व्हॉट्सॲपवरून आलेलं, असं असेल तर दोन्हींचा पोत जुळत नाही, आणि ती तफावत शेवटपर्यंत लपत नाही.

एकत्र आणताना

आता File > Place Embedded वापरून जंगल वरच्या लेयरवर आणा आणि ब्लेंड मोड Screen करा. भाचीच्या फोटोवर आंबोलीचं धुकं ठेवलं तेव्हा पहिल्याच झटक्यात ऐंशी टक्के काम झालेलं दिसलं. आणि एक मोठी चूकही दिसली. तिचं नाक नाहीसं झालं होतं. नाकाच्या शेंड्यावर नेमकं धुकं आलं होतं. आत २४६ च्या आसपास, बाहेर २५५, मग रेषा उरणार कुठली?

यातून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. चेहऱ्याची पुढची कड, म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेषा, कधीही धुक्याला द्यायची नाही. तिच्या आतल्या बाजूला खोड तरी हवं, नाहीतर मूळ त्वचेची सावली तरी. डोक्याची मागची कड मात्र खुशाल जाऊ द्यावी. अंबाड्याच्या जागी आकार विरून तिथून फांद्या बाहेर पडल्या, तर पाहणाऱ्याचा डोळा ते आनंदाने मान्य करतो. नाक विरलं तर मात्र माणूस कोण हेच कळत नाही.

म्हणून आधी जंगल हलवून पाहा. Ctrl+T दाबून ते लहान-मोठं करा, आडवं उलटवा, थोडं तिरकं करा. मॅकवर Ctrl च्या जागी Command. झाडांचे शेंडे डोक्याकडे आणि जमीन खांद्याकडे ठेवली की चित्र खाली जड होतं, नीट बसतं. मी फोटो आडवा उलटवला तेव्हा एक जाड खोड कपाळाच्या रेषेलगत आलं आणि निम्मा प्रश्न सुटला. उरलेला मास्कने सोडवायचा.

मास्कसाठी खालच्या भाचीच्या लेयरवर जाऊन Select > Subject केलं. निवड अगदी काटेकोर असायची गरज नाही, कारण कडेबाहेर पांढरंच आहे. Select > Modify > Feather मध्ये दोन पिक्सेल दिले, मग जंगलाच्या लेयरवर येऊन लेयर पॅनेलच्या तळाशी असलेल्या मास्कच्या चिन्हावर क्लिक केलं. जंगल आता आकृतीपुरतं मर्यादित झालं. लगेच एक गोष्ट करा. लेयर पॅनेलमध्ये जंगलाचं छोटं चित्र आणि मास्कचं छोटं चित्र यांच्यामध्ये साखळीची खूण असते, तिच्यावर क्लिक करून ती काढून टाका. ही साखळी तशीच राहिली तर जंगल सरकवताना मास्कही त्याच्यासोबत सरकतो आणि डोकं एकीकडे, जंगल दुसरीकडे होतं. साखळी सुटली की मास्क जागच्या जागी राहतो आणि जंगल त्याच्या आत मोकळेपणी फिरवता येतं.

मग मऊ काळा ब्रश घ्या. हार्डनेस शून्य, फ्लो दहा-पंधरा टक्के, आकार चेहऱ्याच्या अर्ध्याएवढा. आधी मास्कच्या चित्रावर क्लिक केल्याची खात्री करा, नाहीतर जंगलाच्याच चित्रावर काळं फासलं जाईल. स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर फोटोशॉप तसं करू देत नाही, पण साध्या लेयरवर ते सर्रास होतं. काळ्याने रंगवाल तिथलं जंगल जाईल आणि मूळ चेहरा वर येईल. जास्त गेलं तर X दाबून पांढरा रंग घ्या आणि परत आणा. ब्रश एकदाच जोरात फिरवू नका. कमी फ्लोने पाच-सहा वेळा फिरवलेल्या ब्रशची कड दिसत नाही, एका फटकाऱ्याची मात्र दिसते. आपण नक्की काय पुसलं हे पाहायचं असेल तर Alt धरून मास्कच्या चित्रावर क्लिक करा, मास्क एकटाच काळा-पांढरा दिसेल. मॅकवर Alt म्हणजे Option. तिथे गोल गोल ठसे दिसत असतील, तर ते छापल्यावरही दिसणार.

सुरुवात डोळ्यापासून करा, आणि त्याचं कारण पुन्हा त्याच हिशेबात आहे. चेहऱ्यावर सगळ्यांत काळी जागा म्हणजे बुबुळ, पापण्या आणि भुवई. काळोख तिथे, म्हणून जंगलही आधी तिथेच घुसतं. धुकं नेमकं बुबुळावर आलं तर डोळा पांढरा, निर्जीव दिसतो, आणि चित्रात काहीतरी भीतीदायक झालंय असं वाटतं, पण काय ते समजत नाही. काजळ, मिशी, काळी टिकली यांनाही हाच धोका. भाचीच्या फोटोत मी डोळा, भुवई आणि ओठांचा कोपरा जवळजवळ पूर्ण मोकळा केला, गाल अर्धा ठेवला आणि कानामागून सगळं जंगलाच्या स्वाधीन केलं. नाकाच्या रेषेला लागून मास्क एवढाच रंगवला की मूळ सावलीची बोटभर पट्टी परत आली.

डोक्याबाहेरची झाडं

आता त्या अंबाड्यातून फांद्या बाहेर काढायच्या होत्या. इथे बरेच जण मास्क पांढऱ्याने बाहेरपर्यंत वाढवतात आणि काहीच उमटत नाही म्हणून गोंधळतात. उमटणार कसं? बाहेर २५० आहे, आणि स्क्रीन पांढऱ्यावर काहीच लिहू शकत नाही, हे आपण पाहिलंच.

बाहेर मल्टिप्लाय हवा. तो नेमका उलटा वागतो. त्याच्यात पांढरं नाहीसं होतं आणि काळं राहतं. हिशेब फक्त दोन्ही आकड्यांचा गुणाकार भागिले २५५. आभाळ २५० आणि खोड ४० यांचं उत्तर ३९, म्हणजे खोड ठसठशीत. तर जंगलाच्या लेयरची Ctrl+J ने दुसरी प्रत काढायची, नव्या लेयरचा मोड Multiply करायचा आणि त्याच्या मास्कवर क्लिक करून Ctrl+I ने तो उलटा करायचा. आता हे दुसरं जंगल आकृतीबाहेर दिसतं, आणि चेहऱ्यावर आधी काळ्याने मोकळ्या केलेल्या जागांतही. चेहऱ्यावर, चेहऱ्यासमोर आणि खांद्याखाली उगवलेली झाडं काळ्या ब्रशने पुसून टाका आणि डोक्यामागची तेवढी ठेवा.

एक कटकट इथे येतेच. धुकं २४० आहे, त्याला २५० ने गुणलं की २३५ येतं. म्हणजे पांढऱ्यावर फिकट राखाडी डाग, आणि जंगलाच्या फोटोची कड सरळ रेघेसारखी दिसू लागते. त्यासाठी या दुसऱ्या जंगलावरच Levels क्लिप करून पांढरी खूण २३५ पर्यंत आत घ्या. क्लिप करायचं म्हणजे Alt धरून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करायचं. मग Levels चा परिणाम फक्त खालच्या एका लेयरवर होतो. धुकं पूर्ण पांढरं होऊन नाहीसं होतं, फांद्या राहतात.

एकच फांदी डोक्याच्या आत स्क्रीनमध्ये आणि बाहेर मल्टिप्लायमध्ये आहे. आत तिचा आकडा ६५, बाहेर ४० च्या आसपास. सांध्यावर हा फरक जाणवतो. दोन्ही मास्कच्या अंबाड्याकडच्या कडा पंधरा-वीस पिक्सेलने मऊ केल्या की तो बुजतो. निसटलेल्या बटाही इथेच कामी येतात. फांदी आणि बट यांत कुठली कोणती, हे सांगता येईनासं होतं.

पांढरे केस आणि रात्रीचं शहर

हीच कृती एका आजोबांच्या फोटोवर करायला गेलो आणि सपशेल आपटलो. पांढरेशुभ्र केस, पांढरा सदरा. २१०-२२० च्या उजळपणावर स्क्रीनला काही करायला वावच नव्हता. जंगल फक्त सुरकुत्यांत आणि नाकपुडीत उमटलं, आणि ते फारच वाईट दिसत होतं. Levels ने केस काळे करायला गेलो तर आजोबांचं आजोबापणच गेलं.

मग मोड उलटे केले. केसांत आणि सदऱ्यात मल्टिप्लाय, म्हणजे पांढऱ्या केसांवर फांद्या शाईने काढल्यासारख्या उमटल्या. मागची भिंत मात्र आता पांढरी चालेना, कारण पांढऱ्या डोक्यामागे पांढरी भिंत म्हणजे आकारच नाही. ती १४० च्या करड्यावर आणावी लागली, आणि त्यासाठी इथे डोकं कापून काढावंच लागलं. एकूण वेळ तिप्पट लागला. पिकल्या केसांच्या माणसाचा फोटो मुळातच गडद भिंतीपुढे काढला असता तर हे सगळं वाचलं असतं.

शहराचं गणित जंगलाहून थोडं वेगळं. दिवसाचं शहर निवडलं तर इमारतींची रांग आणि वर कोरं आभाळ असं हवं, म्हणजे ते जंगलासारखंच वागतं. फक्त इमारतींच्या उभ्या रेषा तिरप्या असतील तर चेहरा कलल्यासारखा वाटतो, म्हणून आधी त्या सरळ करून घ्या. रात्रीचं शहर मात्र निराळं वागतं. मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो घ्या. त्यात बहुतांश काळं आणि मधेमधे दिव्यांचे ठिपके. स्क्रीनमध्ये काळ्याला काही वजन नसतं, त्यामुळे आकृती होती तशी काळीच राहते आणि तिच्यात फक्त दिव्यांची वळणदार माळ उमटते. इथे नाक विरण्याची भीती जवळजवळ नाही. उलट एकच काळजी घ्यायची, एखादा भगभगीत दिवा डोळ्यावर किंवा दातांवर येऊ द्यायचा नाही. डबल एक्स्पोजर पहिल्यांदाच करत असाल तर रात्रीच्या शहरापासून सुरुवात करा. ते जंगलापेक्षा बरंच क्षमाशील आहे.

हे सगळं फोटोशॉपशिवायही होतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीचे मेनू जवळपास असेच आहेत. गिंपमध्ये मास्क Layer > Mask > Add Layer Mask इथे मिळतो. स्क्रीन आणि मल्टिप्लाय सगळीकडे त्याच नावाने असतात.

छापण्याआधी

फिल्मवरच्या दोन्ही चित्रांना एकाच फिल्मचा दाणा मिळे, म्हणून ती एकजीव वाटत. आपले दोन फोटो वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे, त्यामुळे तो दाणा आपल्याला घालावा लागतो. सगळ्यांत वर एक नवा लेयर घेऊन तो मधल्या करड्याने भरा, मोड Overlay करा आणि Filter > Noise > Add Noise मध्ये Monochromatic वर खूण करून तीन-चार टक्के द्या. Overlay मध्ये मधला करडा अदृश्य असतो, फक्त दाणा दिसतो. मागच्या छटेचा मल्टिप्लाय लेयर याच्या खाली ठेवा. भाचीच्या चित्राला मी जुन्या कागदासारखा फिकट पिवळसर रंग दिला. तो आभाळावरही चढला आणि झाडांमधल्या धुक्यावरही, त्यामुळे दोन्ही पांढरे एकाच घरचे दिसू लागले.

सगळं काम आरजीबीमध्येच करा. छपाईसाठी सीएमवायके हवं असेल तर मूळ फाइल संग्रही ठेवून, तिची वेगळी प्रत Flatten करून मगच रूपांतर करा. लेयर तसेच ठेवून मोड बदलला तर ब्लेंडचा हिशेब शाईच्या आकड्यांवर नव्याने होतो आणि चित्र बदलतं. माझं एक मुखपृष्ठ असंच गेलं. पडद्यावर केसांत सतरा फांद्या, छापून आल्यावर एक काळं ठिगळ. त्यात दुसरी चूकही होती. मॅट कागदावर शाई पसरते आणि वीसच्या खालचे सगळे काळे एक होतात. आता पाठवण्याआधी मी Levels च्या तळाशी असलेल्या Output Levels ची काळी खूण वीसवर आणतो. पडद्यावर चित्र थोडं फिकं वाटतं, कागदावर फांद्या सुट्या येतात. भाचीच्या मुखपृष्ठाचं प्रूफ आलं तेव्हा तिने पहिल्यांदा अंबाड्यातल्या फांद्या मोजल्या आणि मग विचारलं, “मामा, माझी टिकली कुठे गेली?” ती कपाळावरच्या खोडात गेली होती. मास्क उघडून तेवढी जागा मोकळी करायला एक मिनिट लागलं.